यूट्यूबवर कॉपीराइटची नोटीस आली? क्लेम कोणता, स्ट्राइक कोणता आणि कोणत्या क्रमानं काय करायचं

कॉपीराइटची मेल आली की बहुतेक जण दोनांपैकी एक गोष्ट करतात. घाबरून व्हिडिओ डिलीट करतात, नाहीतर चिडून त्याच मिनिटाला डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकतात. दोन्ही चुकतं, आणि कारण एकच: आलेली नोटीस नेमकी कसली आहे हे कुणी पाहिलेलं नसतं. मी तीन-चार चॅनेलांचं एडिटिंग आणि अपलोडिंग सांभाळतो. त्यातलं एक आमच्या गावच्या भजनी मंडळाचं. गणपती संपले की "दादा, चॅनेल बंद होणार का हो?" असे फोन सुरू होतात. फोनवर जे सांगतो तेच इथे क्रमानं लिहितो. सगळं यूट्यूबपुरतं आहे. इतर ठिकाणचे नियम वेगळे.

## टप्पा 1: नोटीस ओळखा

मेलवर विसंबू नका. यूट्यूब स्टुडिओ उघडा, डावीकडे Content मध्ये जा आणि त्या व्हिडिओसमोरच्या Restrictions या रकान्यात काय दिसतं ते बघा. Copyright या शब्दावर गेलात की See details येतं. तिथे दोनांपैकी एक गोष्ट असेल.

कंटेंट आयडी क्लेम. हा बहुतेक वेळा यंत्रानं लावलेला असतो. संगीत कंपन्या आणि निर्माते आपली गाणी, चित्रपट यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेत भरून ठेवतात. तुमचा व्हिडिओ चढला की त्याच्याशी ताडला जातो. जुळलं की मालकानं आधीच ठरवलेली गोष्ट आपोआप घडते: जाहिरातीचे पैसे मालकाकडे, किंवा व्हिडिओ काही देशांत वा सगळीकडे बंद, किंवा नुसती आकडेवारी त्यांना दिसते. क्लेम त्या एका व्हिडिओवर असतो. चॅनेलवर डाग लागत नाही.

रिमूव्हल रिक्वेस्ट. इथे मालकानं किंवा त्याच्या प्रतिनिधीनं कायदेशीर तक्रार भरलेली असते, व्हिडिओ उतरवलेला असतो आणि चॅनेलला स्ट्राइक, म्हणजे ताकीद, लागलेली असते. 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं.

लोक दोन्हीला "स्ट्राइक आली" म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. क्लेमवरचा उपाय डिस्प्यूट. स्ट्राइकवरचा उपाय अगदी वेगळा.

> सावधान: "तुमच्या चॅनेलवर कॉपीराइट स्ट्राइक, सोबतची फाइल उघडा" अशा बनावट मेल सर्रास येतात. फाइल उघडली की चॅनेलच हातातून जातं. जे स्टुडिओत दिसत नाही ते घडलेलं नाही असं धरा.

तपासा: नोटीस कोणी पाठवली, व्हिडिओच्या कितव्या मिनिटापासून कितव्यापर्यंतचा भाग आहे आणि काय जुळलं (ऑडिओ, चित्र की चाल), या तीन गोष्टी वहीत लिहून घेतल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही.

## टप्पा 2: गाण्याचे तीन थर सुटे करा

सगळ्यात जास्त डिस्प्यूट इथे हरले जातात. एका गाण्यात किमान तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात आणि मुदती तर वेगळ्या आहेतच.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि संगीत यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून आणखी 60 वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. म्हणजे 1960 साली प्रसिद्ध झालेलं रेकॉर्डिंग भारतात 2020 च्या अखेरीस मोकळं झालं. पण गीतकार किंवा संगीतकार 1990 साली वारला असेल तर त्याचे शब्द किंवा चाल 2050 च्या अखेरपर्यंत मोकळी नाही. "जुनं गाणं आहे, कुणाचं नाही" हे म्हणूनच अर्धवट खरं असतं. शिवाय ही भारतातली मुदत झाली. दुसऱ्या देशात तेच रेकॉर्डिंग संरक्षित असू शकतं.

आमच्या मंडळाचाच किस्सा सांगतो, कारण यात तिन्ही थर दिसतात. एकादशीच्या भजनाचा 22 मिनिटांचा व्हिडिओ. माईकवर बुवा, मागे पखवाज, पेटी आणि आठ जोड्या टाळ. एकही सेकंद बाहेरचं रेकॉर्डिंग नाही. तरी दोन क्लेम आले, दोन्ही एकाच संगीत कंपनीचे, दोन्ही चाल जुळल्याचे. दोन्ही अभंग तुकोबांचे, म्हणजे शब्द 17 व्या शतकातले. त्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. रेकॉर्डिंग आमचं. राहता राहिली चाल.

बुवांना विचारलं. पहिल्या अभंगाची चाल वारीतली, दिंडीत सगळेच तशी म्हणतात. दुसऱ्याबद्दलही बुवा ठाम होते: "ही आमच्या आजोबांपासूनची." मी विचारलं, आजोबांनी कुठून घेतली? बुवा जरा थांबले. "रेडिओवरून." शोधल्यावर ती चाल एका संगीतकारानं बांधलेली निघाली, आणि त्यांना जाऊन अजून 60 वर्षं झालेली नव्हती. म्हणजे पहिला क्लेम चूक, दुसरा बरोबर. एकाच व्हिडिओत, एकाच कंपनीचे.

कराओकेवर गाणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. आवाज तुमचा असला तरी कराओके ट्रॅक हे कुणाचं तरी रेकॉर्डिंग आहे आणि चाल-शब्द मूळ मालकांचे आहेत. "मी स्वतः गायलोय" हे तीन थरांपैकी एकाच थराचं उत्तर झालं.

> या सबबी चालत नाहीत: दहा सेकंदच वापरलं. डिस्क्रिप्शनमध्ये क्रेडिट दिलं. पैसे कमवत नाही. गाणं विकत घेतलं होतं. इतरांनीही टाकलंय. पिच बदलली.

लग्नाच्या व्हिडिओंबद्दलही एक गैरसमज आहे. कायद्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी निगडित समारंभात गाणं वाजवायला सूट आहे. ती सूट मांडवात गाणं वाजवण्याची आहे. तेच गाणं व्हिडिओला जोडून यूट्यूबवर टाकण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. कलमाचा नंबर लिहून डिस्प्यूट टाकणारे फोटोग्राफर मी पाहिले आहेत. उपयोग झालेला पाहिला नाही.

## टप्पा 3: आधी कागद, मग बटण

डिस्प्यूटचा फॉर्म दोन मिनिटांत भरता येतो, म्हणून लोक पुरावे नंतर शोधतात. उलट करा. एक फोल्डर करून त्यात हे टाका:

- क्लेमच्या पानाचा स्क्रीनशॉट, तारखेसह.
- स्वतःचं रेकॉर्डिंग असेल तर कॅमेऱ्यातली आणि रेकॉर्डरमधली मूळ फाइल, एडिटिंगचा प्रोजेक्ट. कापलेली एमपी3 पुरावा म्हणून कमकुवत. मूळ फाइलची तारीख आणि वेगळे ट्रॅक जास्त बोलतात.
- संगीत साइटवरून घेतलं असेल तर पावती, परवान्याचा मजकूर आणि तो कोणत्या चॅनेलसाठी आहे ते. परवान्याचं पान घेतानाच पीडीएफ करून ठेवा. साइट अटी बदलतात.
- संगीतकारानं परवानगी दिली असेल तर लेखी. मित्र असला तरी. व्हॉट्सॲपवरचं "वापर रे" हा नसल्यापेक्षा बरा पुरावा, पण कुठल्या गाण्यासाठी आणि कुठे वापरायला, हे त्यात लिहिलेलं हवं.

तपासा: पैसे भरून संगीत देणाऱ्या बऱ्याच साइटवर स्वतःच्या खात्यात यूट्यूब चॅनेल नोंदवण्याची सोय असते. तसं असेल तर डिस्प्यूट न करता आधी चॅनेल नोंदवा किंवा त्यांना लिंक पाठवा. क्लेम त्यांच्याकडूनच सुटतो.

## टप्पा 4: क्लेम बरोबर असेल तर भांडू नका

विसर्जनाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ घ्या. ढोल-ताशा तुमच्या मंडळाचा, पण अडीच मिनिटं शेजारच्या मंडळाच्या डीजेवरचं चित्रपटगीत स्पष्ट ऐकू येतं. गाणं तुम्ही लावलं नाही हे खरं, पण व्हिडिओत ते आहे. क्लेम बरोबर आहे.

अशा वेळी स्टुडिओतच पर्याय असतात: तेवढा तुकडा कापणं, गाण्याच्या जागी यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घालणं, किंवा आवाज बंद करणं. आवाज बंद करताना नीट वाचा. फक्त गाणं पुसण्याचा एक पर्याय असतो आणि त्या भागाचा सगळाच आवाज घालवण्याचा दुसरा. गाणं पुसलं तर ढोल उरतो, पण नेहमी स्वच्छ निघेलच असं नाही. दुसऱ्यात ढोलही जातो. बदल यशस्वी झाला की क्लेम आपोआप सुटतो.

चौथा पर्याय म्हणजे काहीच न करणं. व्हिडिओ दिसतोय, पैसे मालकाला जातायत आणि तुम्हाला त्याचं सोयरसुतक नाही, तर राहू द्या. आमच्या दुसऱ्या अभंगाचं तेच केलं. भजनी मंडळाला जाहिरातीचे पैसे नकोच होते, गावाला व्हिडिओ दिसला पाहिजे होता.

> शॉर्ट्सवाल्यांसाठी: एक मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टवर क्लेम असेल तर "राहू द्या" हा पर्याय नाही. तो शॉर्ट बंदच होतो.

## टप्पा 5: क्लेम चूक असेल तर डिस्प्यूट

डिस्प्यूट यूट्यूब वाचत नाही. तो थेट क्लेम करणाऱ्याकडे जातो आणि निर्णय तोच घेतो. म्हणून यूट्यूबला उद्देशून गाऱ्हाणं लिहू नका. समोरच्या कंपनीतला माणूस एका नजरेत समजेल असं लिहा.

फॉर्ममध्ये कारण विचारतात: मूळ निर्मिती तुमची, परवाना आहे, फेअर यूज, किंवा हक्क संपलेली कृती. चुकीचं कारण निवडलं तर खरा माणूसही हरतो. "पैसे कमवत नाही" म्हणून फेअर यूज निवडणं ही नेहमीची चूक. तिथे तुम्ही त्या कृतीवर टीका, परीक्षण किंवा भाष्य केलंय का, आणि त्यासाठी लागेल तेवढंच घेतलंय का, हे बघितलं जातं.

पहिल्या अभंगासाठी आम्ही लिहिलेलं साधारण असं होतं (इंग्रजीतून पाठवलं, कारण वाचणारा मराठी असेलच असं नाही):

"6:40 ते 11:15 या भागात आमच्या मंडळाच्या सदस्यांनी प्रत्यक्ष गायलेला अभंग आहे. शब्द 17 व्या शतकातील संत तुकारामांचे आहेत. चाल वारीतली पारंपरिक आहे, कोणा एका संगीतकाराची नाही. तुमच्या किंवा इतर कोणाच्या ध्वनिमुद्रणाचा कोणताही भाग वापरलेला नाही. गायक आणि वादक व्हिडिओत दिसतात. मूळ रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे, मागितल्यास देऊ."

एवढंच. रागही नाही, विनवणीही नाही. प्रत्येक वाक्य एका थराचं उत्तर आहे.

वेळेचं गणित असं. समोरच्याकडे 30 दिवस असतात. त्यात त्यानं उत्तर दिलं नाही तर क्लेम गळून पडतो. आम्हाला 26 व्या दिवशी "क्लेम सोडला" अशी मेल आली. तुमचं चॅनेल कमाई करत असेल तर क्लेम लागल्यापासून 5 दिवसांच्या आत डिस्प्यूट करा. मग पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते आणि जिंकणाऱ्याला मिळते. उशीर केला तर डिस्प्यूटच्या तारखेपासूनचीच राखली जाते.

> सावधान: डिस्प्यूट आल्यावर समोरचा क्लेम कायम ठेवू शकतो, तसाच थेट रिमूव्हल रिक्वेस्टही करू शकतो. म्हणजे स्ट्राइक. खोटे डिस्प्यूट वारंवार टाकणाऱ्या चॅनेलवर यूट्यूबही कारवाई करतं.

## टप्पा 6: अपील

डिस्प्यूट फेटाळला तर अपील करता येतं. व्हिडिओ बंदच केला असेल तर पहिली पायरी गाळून थेट अपीलला जाण्याची सोय असते. इथे समोरच्याला 7 दिवसच मिळतात. त्याला क्लेम टिकवायचा असेल तर आता रिमूव्हल रिक्वेस्ट करणं भाग पडतं; नुसतं "नाही" म्हणून भागत नाही.

म्हणूनच अपील ही दुधारी पायरी आहे. खोटा क्लेम इथे बहुधा सुटतो, कारण कायदेशीर तक्रार भरायला समोरचा कचरतो. पण तुमचीच बाजू कच्ची असेल तर हातानं स्ट्राइक ओढवून घेता. कधी कधी समोरचा 7 दिवसांनी लागू होणारी रिमूव्हल रिक्वेस्ट टाकतो. त्या मुदतीत अपील मागे घेतलं तर स्ट्राइक टळते.

तपासा: अपील दाबण्यापूर्वी स्वतःला विचारा, याच मुद्द्यावर मी स्वतःचं नाव-पत्ता देऊन सही करीन का? उत्तर "बघू" असेल तर इथेच थांबा आणि टप्पा 4 कडे परत जा.

## टप्पा 7: व्हिडिओ उतरला, स्ट्राइक आली

सगळ्यात आधी: व्हिडिओ डिलीट करू नका. डिलीट केल्यानं स्ट्राइक जात नाही. आणि तोच व्हिडिओ दुसऱ्या चॅनेलवर चढवू नका. तिथेही स्ट्राइक येते, वर तुमची बाजू वाईट दिसते.

आता तीन वाटा आहेत.

1. थांबणं. यूट्यूबचं कॉपीराइट स्कूल पूर्ण करायचं (छोटे प्रश्न असतात) आणि 90 दिवस काढायचे. स्ट्राइक संपते, व्हिडिओ मात्र परत येत नाही. चूक तुमची असेल तर हीच वाट. स्कूल न करता 90 दिवस मोजत बसणारे बरेच आहेत. त्यांची स्ट्राइक जात नाही.

2. तक्रार मागे घ्यायला लावणं. स्ट्राइकच्या तपशिलात तक्रारदाराचा संपर्क असतो. व्हिडिओची लिंक, तक्रारीची तारीख आणि तुमचं म्हणणं चार ओळींत लिहा. गैरसमजातून आलेल्या तक्रारी, विशेषतः छोट्या निर्मात्यांच्या, इथेच मिटतात. कुणी माघारीसाठी पैसे मागितले तर फोनवर काही कबूल करू नका. बोलणं लेखी ठेवा आणि आधी वकिलाला दाखवा.

3. काउंटर नोटिफिकेशन. याला वेगळा टप्पा हवा.

दोन स्ट्राइक असतील तर नवीन व्हिडिओ चढवणं काही दिवस थांबवा आणि जुने व्हिडिओ तपासा. एकच मालक एकाच दिवशी तीन जुन्या व्हिडिओंवर तक्रार करू शकतो.

## टप्पा 8: काउंटर नोटिफिकेशन

हा अमेरिकी कायद्याखालचा अर्ज आहे. "व्हिडिओ चुकून किंवा ओळखण्यात गफलत होऊन उतरवला गेला, असं मी शपथेवर सांगतो" असं तुम्ही म्हणता, आणि यूट्यूबचं कार्यालय जिथे आहे तिथल्या अमेरिकी संघीय न्यायालयाचा अधिकार मान्य करता. खोटं लिहिलं तर ते कायदेशीर खोटं असतं. नुसत्या कंटेंट आयडी क्लेमवर हा अर्ज करताच येत नाही. व्हिडिओ तक्रारीनं उतरलेला हवा.

लागतं काय: खरं पूर्ण नाव (चॅनेलचं नाही), पत्ता, फोन, ईमेल, व्हिडिओची लिंक आणि कारण. हे सगळं जसंच्या तसं तक्रारदाराकडे जातं. घरचा पत्ता अनोळखी माणसाच्या हाती द्यायचा नसेल, आणि बायकांच्या चॅनेलांसाठी हा मुद्दा फार खरा आहे, तर वकिलामार्फत प्रतिनिधी म्हणून अर्ज करावा.

कारण लिहिताना टप्पा 5 चाच साचा: कोणता भाग, कोणता थर, माझा हक्क कुठून आला. चित्रपट परीक्षणाचा व्हिडिओ असेल तर "40 सेकंदांचं दृश्य आहे, त्यावर सहा मिनिटं बोललो, त्या दृश्यातली पटकथेची चूक दाखवायला तेवढंच दृश्य लागत होतं" असं. नुसतं "हे फेअर यूज आहे" लिहिलं तर यूट्यूब अर्ज पुढे पाठवायलाही नकार देऊ शकतं.

अर्ज पुढे गेला की तक्रारदाराकडे अमेरिकेतले कामाचे 10 दिवस असतात. सुट्ट्या धरून साधारण दोन आठवडे. तेवढ्यात त्यानं न्यायालयात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो आणि स्ट्राइक निघते. पुरावा दिला तर व्हिडिओ बंद राहतो आणि विषय यूट्यूबच्या हातातून जातो.

तक्रारदार भारतातला असेल तर आपल्याकडच्या दोन तरतुदी वकिलाशी बोलताना माहीत असाव्यात. कलम 52(1)(c) आणि 2013 च्या नियमांतला नियम 75 सांगतात की तक्रार आल्यावर मजकूर ठेवणाऱ्या मध्यस्थानं 36 तासांत तो बंद करावा, आणि तक्रारदारानं 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मध्यस्थ तो पुन्हा खुला करू शकतो. आणि कलम 60: कुणी बिनबुडाची कॉपीराइटची धमकी देत राहिलं तर त्याविरुद्ध तुम्ही स्वतः दावा लावून मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकता, मात्र त्यानं तत्परतेनं तुमच्यावरच दावा लावला तर हे कलम लागू होत नाही.

व्हिडिओ परत आल्यावर तो त्याच लिंकवर येतो, जुने व्ह्यूज आणि कॉमेंट्ससह. पहिल्याच दिवशी डिलीट करायचा नाही म्हटलं ते यासाठीही.